मुलाखतीनंतरचा मेल: आभार आणि एक नेमका मुद्दा

मुलाखत देऊन बाहेर पडलं की एखादं उत्तर मनात घोळत राहतं. प्रश्न चांगला होता, समोरच्याला त्यात खरा रस होता आणि आपण मात्र दोन वाक्यांत गुंडाळलं. आभाराच्या मेलमध्ये लिहिण्यासारखी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच सापडते. म्हणून रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर टिपून ठेवावं: कोणता प्रश्न विचारताना ते पुढे सरकून बसले, कोणती अडचण त्यांनी दोनदा बोलून दाखवली.

उदाहरण घेऊ. नाशिकच्या सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा आहे. उमेदवार मुलीला चार वर्षांचा अनुभव आहे, टॅली येतं, जीएसटीची रिटर्न भरता येतात. हे सगळं बायोडेटात आहेच. फायनान्स मॅनेजर विचारतात, "आमचे छोटे व्हेंडर रिटर्न उशिरा भरतात आणि आमचं इनपुट क्रेडिट अडकतं. तुम्ही काय कराल?" ती म्हणते, "दर महिन्याला मॅचिंग करून फॉलोअप घेईन." उत्तर चूक नाही, पण ते कुणीही दिलं असतं.

यातली खरी अडचण तारखांची आहे. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या व्हेंडरने जीएसटीआर-१ साधारण ११ तारखेपर्यंत भरलं, तरच त्याचं बिल १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसतं. तिथे बिल नसेल तर त्या महिन्यात त्याचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे २बी पाहून फोन करायला बसलं, तर तो महिना हातातून गेलेला असतो. घरी पोचल्यावर तिला हे नीट मांडता येतं. तिचा मेल मराठीत सांगायचा तर असा:

"नमस्कार सर, आज वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. व्हेंडरच्या उशिरामुळे क्रेडिट अडकतं, हा तुमचा मुद्दा घरी येईपर्यंत डोक्यात होता. मी फॉलोअप घेईन एवढंच म्हणाले होते. त्यात एक भर घालते. मागच्या सहा महिन्यांची २बी पाहून वारंवार उशीर करणाऱ्या व्हेंडरची यादी केली आणि त्यांना ८ तारखेलाच फोन केला, तर बिलं त्याच महिन्यात दिसण्याची शक्यता वाढेल. सगळ्यांच्या मागे लागावं लागणार नाही. परचेस विभागासोबत बसून असं काम करायला मला आवडेल. आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवा."

या मेलमध्ये टॅली नाही, चार वर्षं नाहीत, पदवी नाही. तरीही ही मुलगी या जागेवर बसून काय करेल, हे मॅनेजरला दिसतं. 'मी या पदासाठी योग्य आहे' असं वेगळं लिहावं लागलं नाही. सहा महिन्यांची यादी हे एका माणसाला खरोखर जमेल एवढंच काम आहे, हेही मला महत्त्वाचं वाटतं. बाहेरून येऊन कारखान्याची सगळी घडी बदलण्याची योजना दहा पानांत पाठवली, तर वाचणाऱ्याला ती आगाऊपणाची वाटते. आधीच्या कंपनीतले व्हेंडर, दर किंवा आकडे तर उदाहरणादाखलसुद्धा लिहू नयेत. उद्या आमचंही असंच बाहेर जाईल, ही शंका लगेच येते.

मेल लिहून झाला की प्रत्येक वाक्य तपासावं: हे मुलाखतीच्या आधी लिहिता आलं असतं का? 'आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी' हे वाक्य आदल्या रात्रीही लिहिता येतं, आणि दुसऱ्या कंपनीलाही पाठवता येतं. ते काढून टाकावं.

मेल त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जावा. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं त्यालाच उत्तर द्यावं, म्हणजे एचआरला संदर्भ शोधावा लागत नाही. मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता नसेल तर 'कृपया सरांपर्यंत पोचवावं' असं एचआरला लिहिलं तरी चालतं. तिघांनी मुलाखत घेतली असेल तर तिघांना एकच मजकूर वेगवेगळा पाठवू नये. ते एकमेकांना दाखवतात. एकच मेल तिघांना मिळून पाठवावा, नाहीतर ज्याच्याशी जे बोलणं झालं ते त्याला लिहावं. नावाचं स्पेलिंग दोनदा पाहावं. पगाराचा विषय इथे काढू नये.

निवड आधीच ठरली असेल किंवा मुलाखतच पडली असेल, तर या मेलने काही बदलत नाही. गुणांच्या यादीवर होणाऱ्या सरकारी भरतीत तर तो पाठवूच नये. त्याचा उपयोग होतो तो दोघं-तिघं जवळपास सारखे असताना आणि निर्णय त्या मॅनेजरच्याच हातात असताना. 'आठवड्यात कळवू' म्हणाले असतील तर आठवडा जाऊ द्यावा, मग त्याच मेलखाली दोन ओळींत विचारावं. तेव्हा नवा मुद्दा जोडायची गरज नाही.