हॉर्मोन थेरपी आणि रक्तस्राव : तारीख काय सांगते?

पाळी लांबत लांबत आठ-दहा महिने आलीच नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, झोपेचं खोबरं झालेलं असतं. डॉक्टर तपासण्या करून हॉर्मोन थेरपी सुरू करतात, त्रास कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच पाळी परत येते. अशा वेळी काही जणी घाबरून सगळं औषध बंद करतात. काही जणींच्या बाबतीत याच्या उलट घडतं. महिनोन् महिने अवेळी डाग लागत राहतात, पण ‘हॉर्मोन्स चालू आहेत, असं व्हायचंच’ अशी त्या मनाची समजूत घालतात. पहिलीच्या बाबतीत बहुधा काळजीचं कारण नसतं. दुसरीने मात्र कधीच डॉक्टरांकडे जायला हवं होतं. या दोघींमधला फरक रक्त किती गेलं यापेक्षा ते कोणत्या पद्धतीच्या औषधावर आणि कोणत्या तारखेला गेलं, यात जास्त असतो.

गरम वाफा, घाम, झोपमोड या त्रासावर मुख्य काम करतं ते इस्ट्रोजेन. पण गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला तेच इस्ट्रोजेन वाढायला लावतं. १९७५ साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासांनी दाखवून दिलं की पाळी गेल्यावर नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी जास्त आढळतो. पुढे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांपैकी ६२ टक्के जणींच्या अस्तराची अवाजवी वाढ झालेली दिसली. ज्यांना सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं औषध दिलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण औषधाऐवजी साधी गोळी घेणाऱ्यांइतकंच राहिलं. म्हणून जिची पिशवी शाबूत आहे, तिच्या औषधात प्रोजेस्टेरॉन असतंच. इस्ट्रोजेन गोळीतून घ्या, दंडावर चोळायच्या जेलमधून घ्या किंवा पॅचमधून, नियम तोच. जेल त्वचेवर लावतो म्हणून ते पिशवीपर्यंत पोचत नाही, हा समज चुकीचा आहे.

हे प्रोजेस्टेरॉन दोन प्रकारे देतात. ज्यांची पाळी जाऊन वर्ष झालेलं नाही, त्यांना इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले फक्त १२ ते १४ दिवस देतात. ही चक्राकार पद्धत. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल असेल तर नेहमीचा डोस रात्री २०० मिलिग्रॅम असतो. इस्ट्रोजेनने वाढवलेल्या अस्तराची वाढ प्रोजेस्टेरॉन थांबवतं आणि त्याला पक्व करतं. कॅप्सूल संपल्या की त्याचा आधार जातो आणि अस्तर गळून पडतं. हा रक्तस्राव म्हणजे औषध बंद झाल्याचा परिणाम. बीजकोश पुन्हा कामाला लागले, असा त्याचा अर्थ नाही. तो प्रोजेस्टेरॉनच्या अगदी शेवटच्या दिवसांत किंवा ते संपल्यावर दोन-चार दिवसांत सुरू व्हावा, पूर्वीच्या पाळीइतका किंवा कमी असावा, आणि दर महिन्याला साधारण त्याच तारखांना यावा. काही जणींना तो येतच नाही. प्रोजेस्टेरॉन ठरल्याप्रमाणे पूर्ण घेतलं असेल, तर त्यात बिघडलेलं काही नाही.

आता एक कल्पित पण रोजच्या पाहण्यातलं उदाहरण घेऊ. ४८ वर्षांच्या एक शिक्षिका. शेवटची पाळी दहा महिन्यांपूर्वीची. त्या रोज इस्ट्रोजेनचं जेल लावतात आणि दर महिन्याच्या १ ते १४ तारखेला रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल घेतात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या खुणा करतात : कॅप्सूल घेतली की टिंब, रक्त गेलं की फुली, नुसता डाग असेल तर अर्धी फुली. जूनमध्ये फुल्या १६ ते २०, जुलैमध्ये १५ ते १९, ऑगस्टमध्ये पुन्हा १६ ते २०. सगळं जसं हवं तसं.

सप्टेंबरमध्ये गणपती महिन्याच्या मध्यावर आले. घरात दहा दिवसांचा गणपती, आणि पाळी नको. कॅप्सूल संपल्या की पाळी येते हे त्यांना ठाऊक होतं. मग त्या महिन्यात कॅप्सूल घेतल्याच नाहीत. जेल मात्र रोज सुरू राहिलं, कारण ते सोडलं की वाफा परत येतात. गणपतीत डाग लागला नाही. पण १५ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सलग ४७ दिवस, अस्तराला इस्ट्रोजेन मिळत राहिलं आणि वाढ थांबवणारं काहीच मिळालं नाही. १ ऑक्टोबरला कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या, आणि ६ तारखेलाच कॅलेंडरवर अर्धी फुली पडली. ११ पासून गाठी पडत जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तो २२ पर्यंत थांबला नाही.

सणासाठी पाळी पुढे ढकलणं आपल्याकडे नवं नाही. त्यावरून कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही, पण या औषधात गणित उलटं असतं हे सांगायलाच हवं. प्रोजेस्टेरॉन गाळल्याने रक्त आलं नाही, तरी अस्तर जागच्या जागी वाढत राहतं. पाळी खरंच पुढे न्यायची असेल, तर प्रोजेस्टेरॉन सोडायचं नसतं, काही दिवस वाढवायचं असतं. ते किती दिवस, हे आधी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

६ ऑक्टोबरची ती अर्धी फुली बोलकी आहे. १९८६ साली लंडनच्या संशोधकांनी मांडलं होतं की प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यापासून दहाव्या दिवशी किंवा त्याआधी रक्त येऊ लागलं, तर त्या औषधाचा अस्तरावर पुरेसा परिणाम झालेला नसतो. अकराव्या दिवशी किंवा नंतर आलं, तर तो झालेला असतो. पुढच्या अभ्यासांत मात्र नुसत्या तारखेवरून अस्तराची अवस्था खात्रीने ओळखता येत नाही, असं दिसलं. म्हणून लवकर आलेल्या रक्ताकडे इशारा म्हणून पाहावं. निदान त्याने होत नाही, आणि वेळेवर आलेल्या रक्ताने कायमची हमीही मिळत नाही.

या शिक्षिकांनी काय करावं? कॅलेंडरचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि सप्टेंबरच्या कॅप्सूल गाळल्या हे स्पष्ट सांगावं. ते लपवलं, तर डॉक्टर भलत्याच कारणाच्या मागे लागतील. डॉक्टर आधी गर्भपिशवीचं तोंड पाहतील, कारण रक्त तिथल्या जखमेतून किंवा कोंबातूनही येऊ शकतं. मग आतून केलेली सोनोग्राफी. चक्राकार पद्धतीत ती रक्तस्राव थांबल्यावर लगेच करावी. प्रोजेस्टेरॉनच्या दिवसांत केली, तर अस्तर जाड दिसणारच आणि नसती धास्ती बसेल. ब्रिटनमधल्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चक्राकार पद्धतीत ७ मिलिमीटरपर्यंतचं अस्तर समाधानकारक मानतात. समजा यांचं ६ निघालं, पिशवीत कोंब किंवा फायब्रॉइड दिसला नाही, आणि पुढच्या महिन्यांत सगळ्या कॅप्सूल वेळेवर घेतल्यावर फुल्या पुन्हा १६ ते २० वर आल्या, तर खुलासा पुरेसा आहे. सगळं नीट घेऊनही अवेळी रक्त येतच राहिलं, तर मात्र अस्तराचा तुकडा तपासायला हवा. सोनोग्राफी चांगली आली तरीही.

दुसरी पद्धत सलग. यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही रोज घ्यायची असतात. प्रोजेस्टेरॉनचा डोस मात्र कमी, कॅप्सूल असेल तर साधारण १०० मिलिग्रॅम. इथे अस्तर वाढूच द्यायचं नसतं, त्यामुळे दरमहा पाळी येत नाही आणि काही काळाने रक्त पूर्ण थांबावं अशी अपेक्षा असते. पण ती अवस्था यायला वेळ लागतो. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून, बेभरवशाचे डाग लागणं अगदी सामान्य आहे. गंमत अशी की हे रक्त जाड अस्तराचं नसतं. अस्तर पातळ होत असतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक, पातळ भिंतींच्या होतात आणि सहज फुटतात. म्हणून थोडा गुलाबी किंवा तपकिरी डाग, कधी दोन दिवस, मग तीन आठवडे काहीच नाही, असं चालतं. अशा वेळी औषध बंद करण्याची घाई करू नये.

सहा महिन्यांनंतरही डाग लागत असतील, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. औषध किंवा डोस बदलला असेल, तर त्या बदलापासून तीन महिने मोजावेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : रक्त पूर्ण थांबल्यावर, वर्ष-दीड वर्ष कोरडं गेल्यावर जर पुन्हा डाग दिसला, तर तो एकच असला तरी दाखवावा. चक्राकार पद्धतीतल्या शिक्षिकांच्या पाच दिवसांच्या रक्तापेक्षा हा एक डाग जास्त लक्ष देण्याजोगा आहे. सलग पद्धतीत सोनोग्राफीची समाधानकारक मर्यादाही कमी, ४ मिलिमीटर. अशा रक्तस्रावामागे बहुतेक वेळा कर्करोग नसतो. कोंब, फायब्रॉइड, कोरडा पडलेला योनिमार्ग किंवा चुकलेल्या गोळ्या यांपैकी काहीतरी निघतं. पण हे तपासून ठरतं, अंदाजाने नाही.

सलग पद्धतीत रक्त थांबत नाही, याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ती फार लवकर सुरू केलेली असते. पाळी जाऊन चारच महिने झालेत, बीजकोश अजून मधूनच स्वतःचं इस्ट्रोजेन सोडताहेत, आणि ‘दरमहा पाळीची कटकट नको’ म्हणून सलग औषध मागून घेतलं, तर अवेळी रक्त येणारच. अशा वेळी पुन्हा चक्राकार पद्धतीवर येणं शहाणपणाचं असतं. दुसरं कारण इतर औषधांत सापडतं. क्षयरोगासाठी दिलं जाणारं रिफॅम्पिसिन आणि फेफऱ्यावरची काही औषधं पोटातून घेतलेल्या हॉर्मोन्सचा लवकर निचरा करतात आणि घडी विस्कटते. जुलाब-उलट्यांचे चार दिवसही तेवढ्याला पुरतात. म्हणून त्या महिन्यात नवीन काय सुरू झालं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

काही गोष्टींसाठी सहा महिन्यांची वाट पाहायची नाही. तासाला एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, शरीरसंबंधानंतर रक्त येतंय, स्रावाला दुर्गंधी आहे, ओटीपोट सतत दुखतंय किंवा वजन उगाच घटतंय, तर लगेच जावं. वजन खूप जास्त असेल, मधुमेह असेल, पूर्वी पीसीओएस असेल किंवा घरात गर्भपिशवीचा अथवा आतड्याचा कर्करोग असेल, तर डॉक्टर तपासणी लवकर करतील. हे त्यांनी विचारायची वाट न पाहता आपणच सांगावं. आणि अवेळी रक्त आलं एवढ्यावरून ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला, तर अस्तराचा तुकडा तपासला का, त्याचा रिपोर्ट काय आला, हे आधी विचारावं.

औषध बंद केल्यावरही हिशेब लगेच संपत नाही. शेवटच्या गोळीनंतर थोडं रक्त जाऊ शकतं. पण थेरपी थांबवून सहा आठवडे उलटले आणि तरीही रक्त येत असेल, तर त्याचा संबंध हॉर्मोन्सशी जोडायचा नाही. पाळी गेलेल्या कोणत्याही स्त्रीच्या रक्तस्रावाची जशी तातडीने तपासणी होते, तशीच त्याचीही करून घ्यायची.