‘तू आणखी कोणाला भेटतोस का?’

ठरवून केलेल्या लग्नात सगळ्यांना ठाऊक असलेला एक नियम आहे. कांदेपोह्यांना आलेला मुलगा त्याच आठवड्यात दुसरं स्थळ बघत असला, तरी कोणी त्याला बोल लावत नाही. मुलीकडचेही बघतच असतात. एकदा सुपारी फुटली, की बाकीची स्थळं आपोआप बंद होतात. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या दोघांसाठी असा कार्यक्रम कोणी ठेवत नाही. त्यामुळे महिना-दोन महिने भेटल्यावर एकाला वाटतं, आता आपण जोडीच आहोत. दुसऱ्याच्या लेखी मात्र अजून बघणंच चालू असतं आणि यात खोटं कोणीच बोललेलं नसतं.

अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातले स्कॉट स्टॅनली आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये एका शोधनिबंधात ‘घसरत जाणं’ आणि ‘ठरवणं’ असा फरक मांडला. त्यांचा विषय होता लग्नाआधी एकत्र राहणारी जोडपी. त्यातली बरीचशी न बोलता, सोयीसोयीने एकत्र राहू लागतात आणि मग मागे फिरणं अवघड होऊन बसतं, असं त्यांचं म्हणणं. ॲपवरच्या ओळखीलाही हे लागू पडतं. रोजचे मेसेज, ठरलेला शनिवार, एकमेकांच्या मित्रांशी ओळख असं सगळं वाढत जातं आणि विचारायचं मात्र राहून जातं.

विचारताना बहुतेकांची गल्लत होते, कारण इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. सध्या काय चाललंय, हा पहिला. यापुढे काय हवंय, हा दुसरा. दोन्ही एका दमात विचारले, की समोरच्याला उलटतपासणी झाल्यासारखी वाटते. समजा, पुण्यातली एक तरुणी सहा आठवडे एकाला भेटते आहे. तिने आधी स्वतःचं सांगावं: “मी ॲपवर अजून आहे, पण महिनाभरात तुझ्याशिवाय कोणाला भेटले नाहीये. तुझं काय? आणखी कोणाला भेटतोयस का?” उत्तर ‘हो’ आलं, तर ते पूर्ण ऐकून घ्यावं. तोवर काहीच ठरलेलं नसल्यामुळे तो गुन्हा ठरत नाही. मग दुसरी गोष्ट: “मला यापुढे फक्त तुलाच भेटायचंय. तुलाही तसं वाटतं का? आजच सांगायला हवं असं नाही.”

वेळ कशी ओळखायची? ‘अमुक इतक्या भेटींनंतर’ असा हिशेब इथे चालत नाही. दुसऱ्या कोणाला भेटावंसं वाटेनासं झालं, किंवा तो दुसऱ्या कोणाला भेटत असेल या विचाराने झोप उडू लागली, की वेळ झाली. शरीरसंबंध येणार असतील, तर पहिला प्रश्न त्याआधीच विचारावा. भांडणाच्या भरात, रात्री उशिरा मेसेजवर किंवा जवळीक झाल्यानंतर लगेच हा विषय काढला, तर मिळणाऱ्या उत्तरावर फार विसंबता येत नाही. समोरासमोर, दोघांनाही सहज उठून जाता येईल अशा ठिकाणी बोलणं बरं.

‘हो’ मिळाल्यावरही ‘फक्त आपण दोघं’ म्हणजे काय, हे उलगडून घ्यावं लागतं. जुन्या प्रेयसीशी रोजचं चॅट चालेल का? आणि ॲपचं काय? फोनवरून टिंडर किंवा बंबल काढून टाकलं म्हणून खातं बंद होत नाही. प्रोफाइल इतरांना दिसत राहू शकतं. ते बंद करायला ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन खातंच डिलीट करावं लागतं. मैत्रिणीने ‘हा अजून ॲपवर दिसतोय’ असा स्क्रीनशॉट पाठवला, तर आरोप करण्याआधी हे विचारून घ्यावं.

कंडोम वापरणं थांबवायचा विचार असेल, तर नुसता शब्द पुरत नाही. एचआयव्हीची लागण झाल्या झाल्या चाचणीत दिसत नाही. चाचणीच्या प्रकारानुसार त्याला काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारून चाचणीची तारीख ठरवावी. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत ही चाचणी मोफत होते. माहितीसाठी १०९७ ही हेल्पलाइन आहे. इतर लैंगिक आजारांच्या चाचण्या वेगळ्या सांगाव्या लागतात.

सगळ्यात अवघड उत्तर ‘बघू’. त्याला खरोखर वेळ हवा असेल, तर तो किती हवा हे सांगता येतं. तिने विचारावं, “दोन आठवड्यांनी बोलूया?” ठरल्या दिवशी त्याने आपणहून विषय काढला, तर ‘बघू’मध्ये विचार होता. तिलाच पुन्हा आठवण करून द्यावी लागली आणि पुन्हा ‘बघू’च आलं, तर आज त्याला हे नको आहे असं धरून तिने आपला निर्णय घ्यावा. तोवर तीही इतर कोणाला भेटायला मोकळी आहे आणि हे तिने त्याला तेव्हाच सांगून ठेवावं.