एका कोर्टातले दोन प्रौढ आणि मुलांच्या पायऱ्या

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे लहान मुलांना दोन गोष्टी सांगून प्रश्न विचारत. पहिल्या गोष्टीतल्या मुलाला जेवायला हाक मारतात. तो दार ढकलून आत येतो. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे ठेवला आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि पंधराच्या पंधरा कप फुटतात. दुसऱ्या गोष्टीतला मुलगा आई घरात नाही असं पाहून कपाटातला जॅम काढायला खुर्चीवर चढतो आणि त्याच्या धक्क्याने एक कप फुटतो. मग प्रश्न: जास्त वाईट कोण वागलं?

सहा-सात वर्षांची पुष्कळ मुलं पहिल्या मुलाचं नाव घेत, कारण त्याने पंधरा फोडले. नऊ-दहा वर्षांची मुलं बहुतेक दुसऱ्याचं नाव घेत, कारण पहिल्याच्या मनात काही नव्हतं. पियाजेंचं हे पुस्तक १९३२ साली आलं. मूल आधी नुकसान मोजतं आणि पुढे हेतू बघायला लागतं, हा बदल त्यात टिपला आहे.

लॉरेन्स कोलबर्ग यांनी हाच धागा वरच्या वयापर्यंत ओढला. १९५८ च्या प्रबंधासाठी त्यांनी शिकागो परिसरातल्या दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना एक पेच घातला. हाइन्झची बायको कर्करोगाने मरणाच्या दारात आहे. औषध एकाच औषधवाल्याकडे आहे, आणि तो खर्चाच्या दहापट किंमत मागतोय. हाइन्झला निम्मीच रक्कम जमवता आली. त्याने औषध चोरावं का?

इथे ‘हो’ला गुण नाहीत आणि ‘नाही’लाही नाहीत. मुलाखत घेणारा पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारत जातो आणि त्या उत्तरावरून टप्पा ठरतो. ‘चोरू नये, पोलीस पकडतील’ हा पहिला टप्पा. ‘चोरावं, बायको जगली तर त्याला सांभाळेल’ हा दुसरा, देवाणघेवाणीचा. ‘चोरावं, नाहीतर लोक त्याला नवरा म्हणतील का?’ हा तिसरा. तिथे आपल्या माणसांच्या नजरेत चांगलं असणं महत्त्वाचं. चौथ्या टप्प्यावर सगळा समाज डोळ्यासमोर येतो: प्रत्येकजण आपल्या गरजेपुरता कायदा मोडू लागला तर कायदा उरेल कुठे? पाचव्यावर खुद्द कायद्याला प्रश्न विचारला जातो: तो कोणाच्या संमतीने झाला, आणि माणसाचे मूळ हक्क त्यात राखले जातात का? सहावा टप्पा न्यायाच्या सार्वत्रिक तत्त्वांचा. पण मुलाखतींत तो इतका क्वचित सापडला की पुढे गुण देण्याच्या पद्धतीतून तो वगळावा लागला.

हीच पट्टी प्रौढाच्या निर्णयाला लावून बघू. त्यासाठी १८ मार्च १९२२ चा अहमदाबादचा खटला घेतो. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांबद्दल महात्मा गांधींवर कलम १२४-अ खाली राजद्रोहाचा आरोप होता आणि न्यायासनावर ब्रूमफील्ड होते. गांधींनी गुन्हा कबूल केला, त्यामुळे प्रश्न उरला तो शिक्षेचा. या खटल्यात आरोपी आणि न्यायाधीश दोघांनीही आपापली कारणं मोकळेपणाने बोलून दाखवली. आपल्या कामाला असा दस्तऐवज क्वचित मिळतो.

ब्रूमफील्ड यांचं म्हणणं साधारण असं होतं: तुम्ही वेगळ्या कोटीतले आहात, लाखो लोक तुम्हाला थोर देशभक्त मानतात, पण कायदा माणूस बघत नाही आणि कायद्याखालचा माणूस म्हणूनच मला तुमचा विचार करावा लागेल. मग त्यांनी आधार घेतला लोकमान्य टिळकांच्या खटल्याचा. त्याच कलमाखाली १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षं झाली होती. गांधींनाही सहा वर्षं. पुढे सरकारला ही शिक्षा कमी करता आली तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही, असंही ते म्हणाले. मन एकीकडे आणि निकाल दुसरीकडे, पण निकालामागचं कारण स्वच्छ चौथ्या टप्प्याचं आहे. व्यवस्था चालली पाहिजे, पूर्वीचा दाखला पाळला पाहिजे. हा कायदा कोणी आणि कोणासाठी केला, हा प्रश्न त्यांनी कुठेही विचारला नाही.

गांधींनी नेमका तोच विचारला. प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही, आणि हे कलम नागरिकाचं स्वातंत्र्य दाबण्यासाठी केलेल्या कलमांतलं अग्रणी आहे, असं त्यांनी सांगितलं. कायद्याच्या दृष्टीने जो गुन्हा, ते माझ्या दृष्टीने नागरिकाचं सर्वोच्च कर्तव्य. म्हणून मला जास्तीत जास्त शिक्षा द्या, किंवा हा कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या. कायदा मोडायचा आणि त्याची शिक्षाही मागून घ्यायची, हे पहिल्या टप्प्याच्या हिशेबात बसत नाही आणि चौथ्याच्याही नाही. हे कारण पाचव्याचं किंवा त्याच्या वरचं आहे.

इथे घाई केली की चूक होते. तुरुंगात गेला म्हणून सत्याग्रही वरच्या टप्प्यावर, असं धरून चालत नाही. त्याच चळवळीत कोणी मित्र गेले म्हणून गेला असेल, तर ते कारण तिसऱ्याचं. पुढे स्वराज्यात पद मिळेल म्हणून गेला असेल, तर दुसऱ्याचं. उलट एखादा न्यायाधीश पाचव्या टप्प्यावर उभा राहूनही कठोर शिक्षा देऊ शकतो, जर तो कायदा लोकांनीच ठरवला असेल आणि तो मोडल्याने दुबळ्यांचे हक्क जाणार असतील. आपल्याला पटलेल्या निर्णयाला आपण नकळत वरचा टप्पा देऊन टाकतो. त्यावर उपाय एकच: निर्णय उलटा करून बघायचा, आणि तेच कारण उलट्या निर्णयालाही टेकू देऊ शकतं का ते तपासायचं.

दुसरी अडचण परिणामांची. सरकारी वकिलांनी चौरीचौरा, मुंबई आणि मद्रासच्या हिंसाचाराची जबाबदारी गांधींवर टाकली. पियाजेंच्या पट्टीने हे कप मोजणं झालं. हिंसा गांधींच्या मनात नव्हती. तरी गांधींनी ही जबाबदारी नाकारली नाही. मी आगीशी खेळत होतो हे मला ठाऊक होतं, असं ते म्हणाले. मला हा खटल्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, कारण पियाजेंच्या दोन गोष्टींत ही शक्यताच नाही. दार ढकलणाऱ्या मुलाला ट्रे माहीत असणं शक्य नव्हतं. प्रौढाच्या बाबतीत मात्र ‘हेतू काय होता’ याच्या जोडीला ‘काय घडेल हे ओळखायला हवं होतं का’ हेही विचारावं लागतं. हेतूकडे बघायला शिकल्यानंतरची ही पुढची शिकवण आहे.

या पट्टीच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. कोर्टातलं निवेदन आधी लिहून आणलेलं असतं आणि मुलाखतीसारखं कोणी ‘का?’ विचारत नाही. म्हणून त्यावरून टप्पा ठरतो तो युक्तिवादाचा. सगळ्या माणसाला तो चिकटवता येत नाही. शिवाय कोलबर्ग यांनी सुरुवातीला अभ्यासलेली सगळी मुलं मुलगे होती. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये आक्षेप घेतला की दुसऱ्याची काळजी वाहण्याच्या दृष्टीने बोलणारी माणसं या पट्टीवर उगाच तिसऱ्यावर अडकतात. ओडिशात रिचर्ड श्वेडर आणि नॅन्सी मच यांनी हाइन्झचा पेच भारतीय रूपात एका गृहस्थाला घातला. चोरी पाप आहे, त्यापेक्षा स्वतःला विकून पैसे उभे करावेत, असं तो धर्म आणि कर्माच्या आधारे खोलात जाऊन सांगत राहिला. ठरलेल्या नियमांनी गुण दिले तेव्हा त्याचं उत्तर तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या दरम्यान आलं. श्वेडर आणि मच यांना मात्र त्या उत्तरामागे अशी पूर्ण विचारसरणी दिसली, जिच्यासाठी गुणपत्रिकेत रकानाच नव्हता.