अक्षर वाढले, बटण तेवढेच

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये मजकूर मोठा दिसावा म्हणून दोन सरकपट्ट्या असतात. एक फॉन्टच्या आकाराची, दुसरी डिस्प्लेच्या आकाराची. कोणतीही पुढे सरकवली तरी अक्षरे वाढतात, म्हणून पुष्कळांना दोन्हींचे काम एकच वाटते. अक्षरांवरची नजर काढून बटणांकडे पाहिले की फरक कळतो. पहिल्या पट्टीने फक्त अक्षरे मोठी होतात. दुसरीने बटणे, चिन्हे आणि मधल्या मोकळ्या जागाही वाढतात.

ॲप लिहिणारा मापे कोणत्या एककात देतो, यावर हे ठरते. मापे थेट पिक्सेलमध्ये दिली तर दाट पडद्यावर तेच बटण चिमुकले दिसेल. म्हणून अँड्रॉइडमध्ये डीपी हे एकक आहे. इंचाला १६० पिक्सेल अशी घनता धरली, तर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. घनता ४२० असेल तर ४२० भागिले १६०, म्हणजे २.६२५ पिक्सेल. अक्षरांसाठी एसपी हे वेगळे एकक आहे. त्याचा हिशेब डीपीसारखाच, फक्त शेवटी वापरकर्त्याने निवडलेल्या फॉन्टच्या पटीने आणखी एक गुणाकार होतो. डीपीच्या सूत्रात ही पट नसतेच.

डिस्प्लेच्या आकाराची पट्टी अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. ती हात घालते तो घनतेच्या आकड्याला. पडद्यावरचे पिक्सेल अर्थातच तेवढेच राहतात. प्रणाली हिशेबात धरते तो आकडा तेवढा बदलतो. घनता दोन्ही सूत्रांत असल्यामुळे डीपी आणि एसपी दोन्ही वाढतात. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. १०८० पिक्सेल रुंदीचा पडदा ४२० घनतेला सुमारे ४११ डीपी भरतो, ४८० घनतेला ३६०च. पडदा फार अरुंद भरू नये म्हणून ही पट्टी एका मर्यादेपुढे जात नाही.

आता याच फोनवर ४० डीपी उंचीचे एक बटण घ्या. वर-खाली आठ-आठ डीपी मोकळी जागा सोडली, तर मजकुराला २४ डीपी, म्हणजे ६३ पिक्सेल उरतात. मजकूर १६ एसपीचा, म्हणजे ४२ पिक्सेलचा. ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या सव्वापट धरली तरी ती साडेबावन्न पिक्सेल होते आणि आरामात मावते. डिस्प्ले मोठा करून घनता ४८० केली, तर जागा ७२ पिक्सेल आणि ओळ ६० पिक्सेल होते. सगळे एकाच प्रमाणात वाढल्याने काही बिघडत नाही. पण घनता ४२०च ठेवून फॉन्ट १.३ पट केला, तर ओळ ६८ पिक्सेलची होते आणि जागा ६३चीच राहते. मजकूर कापला जातो. देवनागरीत त्याचा फटका आधी बसतो: वरची वेलांटी, मात्रा, खालचा उकार. ‘की’चे ‘का’ वाचले जावे इतका तो वाईट असू शकतो.

मग डीपीनेही फॉन्टच्या पटीने का वाढू नये? कारण तसे झाले तर दुसरी पट्टी पहिलीचीच नक्कल ठरेल. ज्याला वाचायला त्रास होतो, पण चिन्हे नीट दिसतात, त्याला पडद्यावरची जागा न गमावता मोठी अक्षरे हवी असतात. मोकळ्या जागा आणि चिन्हे स्थिर राहतात, म्हणूनच वाढलेल्या मजकुराला पसरायला वाव मिळतो. वाव द्यायचे काम मात्र ॲप लिहिणाऱ्याचे. त्याने बटणाची उंची पक्की न करता किमान उंची द्यावी:

```
android:layout_height="wrap_content"
android:minHeight="48dp"
android:textSize="16sp"
```

काही जण याउलट पळवाट काढतात: मांडणी मोडू नये म्हणून अक्षरांचे मापही डीपीत देतात. मांडणी शाबूत राहते, पण ज्याच्यासाठी ती पट्टी आहे त्या माणसालाच ॲप जुमानत नाही.

दोष कुठे आहे हे वापरणाऱ्यालाही ओळखता येते. डिस्प्ले जसाच्या तसा ठेवून फक्त फॉन्ट वाढवावा. अक्षरे कापली गेली तर चौकटीची उंची पक्की केलेली असण्याचा संभव जास्त. अक्षरे हललीच नाहीत, पण डिस्प्लेचा आकार वाढवल्यावर मोठी झाली, तर ती बहुधा डीपीत मोजलेली असतात. दोन्ही पट्ट्यांना दाद न देणारे ॲप, उदाहरणार्थ बरेच खेळ, आपला मजकूर स्वतःच रंगवत असते.

२०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. सरसकट दुप्पट केले तर आधीच मोठी असलेली शीर्षके पडदा व्यापून टाकतील, म्हणून तिथे गुणाकार सरळ राहत नाही: बारीक मजकूर जास्त पटीने वाढतो, मोठा कमी पटीने. त्यामुळे एसपीचे पिक्सेल करताना ॲपने स्वतः गुणाकार करत बसू नये. ते रूपांतर प्रणालीच्या `TypedValue.applyDimension` या फंक्शनवर सोपवावे.