चाळीस सेकंदांसाठी दीड दिवस

मागच्या वेळी, पाण्यात किरणोत्सारी ट्रेसर टाकून प्रवाह मोजण्यासाठी नळावर दोन डिटेक्टर बांधून आपण थांबलो होतो. खोपटच्या एका वाचकांचा प्रश्न आधी घ्यायलाच हवा. ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात थंड पाण्याचे पंप सांभाळतात. ते विचारतात, पाणी एका डिटेक्टरपासून दुसऱ्यापर्यंत चाळीस सेकंदांत पोहोचतं, मग त्यासाठी ३५ तासांहून जास्त अर्धायुष्य असलेलं ब्रोमिन-८२ कशाला? काही मिनिटांत संपणारं काही वापरता येणार नाही का?

आकडे त्यांच्याच नळाचे घेऊ. आतला व्यास ३०० मिलिमीटर, डिटेक्टरांमधलं अंतर ६० मीटर, वेळ ४० सेकंद. म्हणजे वेग सेकंदाला दीड मीटर आणि प्रवाह तासाला साधारण ३८० घनमीटर. इथे आपण मोजतो ती वेळ. दुसऱ्या डिटेक्टरवरचा उंचवटा पहिल्यापेक्षा बुटका असला तरी चालतं, तो कधी आला एवढंच हवं असतं. त्यामुळे या चाळीस सेकंदांत ट्रेसर थोडा क्षीण झाला, तरी हिशेब फारसा बिघडत नाही. इथवर वाचकांचा तर्क अगदी बरोबर आहे.

पण ट्रेसरचं घड्याळ कारखान्यात सुरू होत नाही, ते ट्रॉम्बेला अणुभट्टीतून बाहेर पडल्यापासून चालू असतं. अमोनियम ब्रोमाइड भट्टीत ठेवलं की ब्रोमिन-८२ तयार होतं. पोटॅशियम ब्रोमाइडही चालतं, पण मग सोबत जवळजवळ साडेबारा तास अर्धायुष्याचं पोटॅशियम-४२ येतं, म्हणून अमोनियमचा क्षार मला जास्त पसंत आहे. ब्रोमिनचेच काही अल्पायुषी भाऊबंदही भट्टीत तयार होतात, त्यातल्या एकाचं अर्धायुष्य साडेचार तासांच्या आसपास आहे. ते विझेपर्यंत माल थोडा थांबवावा लागतो. मग मोजमाप, शिशाच्या जाड भांड्यात बंद करणं, कागदपत्रं, गाडी. ट्रॉम्बेहून ठाणे-बेलापूर रस्ता जवळ आहे, पण कारखान्यात पोहोचल्यावर पंप बंद निघतो किंवा झडप अडकलेली असते. असा एक दिवस वाया गेला तर ब्रोमिन-८२ जवळजवळ ६२ टक्के शिल्लक राहतं. १५ तासांच्या सोडियम-२४चं एक तृतीयांश उरतं आणि सहा तासांच्या टेक्नेशियम-९९एमचं फक्त सोळावा भाग. शिवाय टेक्नेशियमचा गॅमा किरण दुबळा, एक सेंटिमीटर पोलादातून त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा थेट बाहेर येतो. ब्रोमिनच्या मुख्य किरणांचा निम्म्याहून अधिक येतो.

मग आठ दिवसांचं आयोडिन-१३१ घ्यावं, म्हणजे घाईच नको? तसं केलं तर त्रास उलट टोकाला जातो. दहा दिवसांनी ब्रोमिन एका टक्क्याच्याही खाली गेलेलं असतं, तेव्हा आयोडिन ४२ टक्के उरलेलं असतं, आणि ते थायरॉइडमध्ये साठतं. पाणी पुढे खाडीत जाणार असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. मुंबई बंदरातला गाळ कुठे सरकतो हे पाहायला ८४ दिवसांचं स्कँडियम-४६ वापरलं गेलं, कारण गाळाचा माग आठवडेच्या आठवडे घ्यायचा असतो. नळातल्या पाण्याचं तसं नाही.

आता वाचकांच्या नळाची खरी अडचण. त्यांचं पाणी कूलिंग टॉवरमधून फिरून परत त्याच नळात येतं. ट्रेसर टाकल्यावर काही मिनिटांत तो पुसट होऊन परत फिरतो. दुसऱ्या चाचणीआधी दोन्ही डिटेक्टरांची शांत पातळी बघा. ती पहिल्या चाचणीच्या आधीपेक्षा वर थांबली असेल, तर पाण्यात जुना ट्रेसर फिरतोय. मग दर वेळी आधीपेक्षा मोठी मात्रा टाकावी लागते, आणि ब्रोमिन त्या दिवशी काही जात नाही.

इथे वाचकांची काही मिनिटांत संपणाऱ्या ट्रेसरची कल्पना लागू पडते. सिझियम-१३७ धरून ठेवलेल्या छोट्या स्तंभातून द्रावण सोडलं की बेरियम-१३७एम निघतं. त्याचं अर्धायुष्य अडीच मिनिटांच्या जरासं वर, आणि किरण पोलाद भेदण्याइतका जोरकस. हा जनरेटर नळाशेजारीच असतो, त्यामुळे गाडी आणि रस्ता हिशेबातून वगळता येतात. पंचवीस-सव्वीस मिनिटांत हजारावा भाग उरतो आणि पातळी पुन्हा खाली येते. मात्र काढल्यापासून एक-दोन मिनिटांत ते नळात गेलंच पाहिजे, आणि एका वेळी मिळणारी मात्रा थोडी असल्याने फार मोठ्या नळात ते अपुरं पडतं. ३०० मिलिमीटरला मी ते आधी करून बघेन.

एक तपासणी मात्र चुकवायची नाही. स्तंभातून सिझियमही थोडं झिरपू शकतं, आणि त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी काढलेल्या द्रावणाचा थोडा नमुना बाजूला ठेवायचा आणि तासाभराने मोजायचा. बेरियम तोवर संपलेलं असतं. डिटेक्टर तरीही नेहमीच्या पातळीच्या वर काही दाखवत असेल, तर ते सिझियम आहे, आणि तो जनरेटर त्या नळाजवळ न्यायचा नाही.