दार लागल्यावरची पहिली चार मिनिटं

कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या मुख्य दाराला आतून, कडीच्या खाली, वीतभर लाकूड उरलेलं नव्हतं. ते चिमणीनं नखांनी आणि दातांनी काढलं होतं. चिमणी म्हणजे गाडीखाली पाय सापडलेलं रस्त्यावरचं पिल्लू. २०२० च्या टाळेबंदीत या घरानं तिला उचलून आणलं, पाय बरा केला आणि ठेवून घेतलं. पुढची दोन वर्षं नवरा-बायको दोघंही घरूनच काम करत होते, त्यामुळे घरात माणूस नाही असा एक तासही तिच्या वाट्याला आला नाही. मग हिंजवडीचं ऑफिस सुरू झालं आणि पंधरा दिवसांत सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार गेली : तुमचं कुत्रं दिवसभर रडतं.

घरच्यांनी आपल्यापैकी कुणीही करेल तेच केलं. आधी रागावले. मग सकाळी जास्त फिरवून दमवलं, आणि शेवटी दार वाचवायला तिला बाथरूममध्ये बंद केलं. त्या दिवशी तिचा एक दात तुटला.

व्हेटनी त्यांना आधी कॅमेरा लावायला सांगितलं. जुना मोबाइल हॉलमध्ये ठेवून व्हिडिओ कॉल सुरू करायचा आणि नेहमीसारखं बाहेर पडायचं, एवढंच. कारण घरी परतल्यावर दिसणाऱ्या पसाऱ्यावरून निदान होत नाही. कंटाळलेलं कुत्रं आधी तासभर झोपतं, ठेवलेला खाऊ संपवतं, मग उठून चप्पल चावतं. जिन्यातल्या पावलांवर भुंकणारं कुत्रं आवाज थांबला की गप्प होतं. एकटेपणाला घाबरलेल्या कुत्र्याचं चित्र वेगळं असतं. बहुतेक वेळा दार लागल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, अनेकदा पहिल्या काही मिनिटांतच, येरझाऱ्या, धापा, लाळ, रडणं आणि दार-खिडकीवर हल्ला सुरू होतो. बाहेर जाऊन शू करण्याची सवय असलेलं कुत्रं घरातच करतं. आवडीचा खाऊ समोर असून त्याला तोंड लावत नाही. चिमणी चाळीस सेकंदांनी उठली, दोन मिनिटांनी धापा टाकू लागली आणि चौथ्या मिनिटाला मान वर करून रडली. चिकनचा तुकडा संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता.

हे पाहिल्यावर रागावणं आपोआप थांबायला हवं. कुत्र्याला आपली चूक कळते, बघा कसं अपराधी तोंड करतं, असं आपण सर्रास म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. कुत्र्यानं खरंच काही केलं होतं की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता. मालक रागावला की निर्दोष कुत्रंही तसंच तोंड करत होतं. म्हणजे भीतीनं दार ओरबाडणाऱ्या कुत्र्याला संध्याकाळी ओरडा बसला, तर माणूस जाण्याच्या भीतीत माणूस परत येण्याची भीती मिसळते. कोंडण्यानंही तेच होतं. घाबरलेलं कुत्रं पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतं. सोबतीला दुसरं कुत्रं आणण्याचा सल्लाही बहुधा फुकट जातो, कारण त्याला हवा असतो तो माणूस.

रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला हे जड का जातं? रस्त्यावर त्याला कुणी चार भिंतींत बंद केलेलं नसतं आणि आसपास इतर कुत्री असतात. मग अपघात, दवाखाना, तात्पुरतं घर, नवं घर अशी माणसं बदलत जातात. त्यात घर कायम भरलेलं असेल, तर एकटं राहण्याचा सरावच होत नाही. विकत आणलेल्या कुत्र्यालाही हा त्रास होतो, आणि दिनक्रम अचानक बदलणं हे त्याचं ओळखीचं कारण आहे.

उपचाराचा पाया एकच : कुत्रं घाबरायच्या आत परत यायचं. चिमणी चाळीस सेकंद निवांत राहते, म्हणून सराव पाच सेकंदांपासून सुरू झाला. त्याआधी काही दिवस निघण्याच्या खुणा निष्प्रभ केल्या. किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसायचं. बॅग खांद्याला लावून चहा करायचा. बूट घालून टीव्ही बघायचा. या खुणांनी ती दचकेनाशी झाल्यावर दार उघडून मिटणं आलं, मग बाहेर पाऊल टाकणं. रोज वीस-पंचवीस मिनिटं हा सराव, आठवड्यातून दोन दिवस सुट्टी. वेळ मात्र चढत्या क्रमानं वाढवायचा नाही. पाच सेकंद, वीस, तीन, तीस, दहा, असा वरखाली ठेवायचा, नाहीतर पुढची खेप आणखी लांब असणार हे कुत्रं ओळखतं. दोन खेपांमध्ये ते पुन्हा सैल होऊन बसेपर्यंत थांबायचं. कॅमेऱ्यात कान ताठ, जांभया, ओठ चाटणं, दाराशी खिळलेली नजर दिसली, की दुसऱ्या दिवशी वेळ कमी करायचा. चिमणीला पाच मिनिटांवर पोचायला दीड महिना गेला. पुढे दिवाळीच्या फटाक्यांनी ती परत दोन मिनिटांवर आली. अशी घसरण होतेच.

यातली सगळ्यात अवघड अट सेकंदांची नाही. सराव चालू असेपर्यंत एरवीही कुत्र्याला त्याच्या कुवतीबाहेर एकटं सोडायचं नाही, ही आहे. सकाळी वीस सेकंदांचा सराव आणि नंतर नऊ तास एकटं, असं केलं तर सकाळचं शिकलेलं दुपारी पुसलं जातं. घरोघरी उपचार फसतो तो इथेच. चिमणीला कुणीही माणूस चालत होता, हे तिच्या घरच्यांचं नशीब. मग दोघांनी ऑफिसचे दिवस आलटून-पालटून मागून घेतले आणि उरलेल्या दोन दिवशी खालच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी अभ्यासाला वर येऊन बसू लागली. एकाच माणसावर जीव जडलेल्या कुत्र्याला हेही पुरत नाही.

भीती इतकी तीव्र असेल तर औषधाला कचरू नये. फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही औषधं सरावाच्या जोडीनं देतात. ती रोज द्यावी लागतात आणि परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. ती झोपेची औषधं नव्हेत, भीतीची धार कमी करून शिकायला जागा देतात. उलट एसप्रोमाझिनसारखं नुसतं सुस्त करणारं औषध अंग ढिलं करतं, पण आतली भीती तशीच राहते. डोस व्हेटनीच ठरवायचा, आधी रक्ततपासणी करून. घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून देणं धोक्याचं आहे.

बरंच काही सुधारूनही चिमणी आज तीन तासच एकटी राहते. हिंजवडीचा प्रवास धरून होणारे दहा-अकरा तास तिला जमत नाहीत, आणि खरं तर कुठल्याच कुत्र्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. दुपारी कुणीतरी येऊन तिला फिरवतं, तो खर्च घरानं कायमचा धरला आहे.

तुमच्या घरात असं कुत्रं असेल आणि ऑफिसचं बोलावणं यायची चिन्हं असतील, तर रुजू व्हायच्या निदान दोन-तीन महिने आधी कॅमेरा लावून पाच मिनिटं बाहेर जाऊन बघा. बोलावणं येऊन गेलं असेल, तर कुत्रं कुणाला देऊन टाकण्याआधी ते पाच मिनिटांचं चित्रण व्हेटना दाखवा.