व्याजावरचं व्याज

५०,००० रुपये ८ टक्क्यांनी दोन वर्षं ठेवले, तर सरळव्याजापेक्षा चक्रवाढ किती जास्त देईल? यासाठी वर्षावर वर्षं मांडत बसायची गरज नाही. मुद्दलावरचं व्याज दोन्हीकडे सारखंच, वर्षाला ४,००० रुपये. फरक पडतो तो फक्त व्याजावरच्या व्याजाचा. पहिल्या वर्षाचे ४,००० चक्रवाढीत दुसऱ्या वर्षी कामाला लागतात आणि त्यांचे ८ टक्के म्हणजे ३२० रुपये मिळवतात. फरक तेवढाच.

तीन वर्षांसाठी पुष्कळ जण ३२०ची दुप्पट करतात आणि तिथेच चुकतात. पहिल्या वर्षाचे ४,००० आता दोन वर्षं व्याज कमावतात, दुसऱ्या वर्षाचे ४,००० एक वर्ष. म्हणजे ३२० तीनदा, ९६० रुपये. शिवाय दुसऱ्या वर्षी मिळालेल्या ३२०वरही तिसऱ्या वर्षी ८ टक्के, म्हणजे २५ रुपये ६० पैसे. एकूण फरक ९८५ रुपये ६० पैसे. उत्तर दोन वर्षांच्या फरकाच्या तिपटीहून थोडं जास्त आलं नाही, तर काहीतरी निसटलं आहे असं समजावं.

हा हिशेब वर्षातून एकदाच व्याज मुद्दलात मिळवलं जातं तेव्हाचा. बँकेच्या मुदत ठेवीत ते बहुधा दर तिमाहीला मिळवतात. मग हेच ५०,००० दोन वर्षांत सरळव्याजापेक्षा सुमारे ५८३ रुपये जास्त देतात, ३२० नव्हे. म्हणून ठेवपावतीवर दराइतकंच हेही बघावं: व्याज मुद्दलात कधी मिळवणार?